सोबत : वरीलप्रमाणे

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेचं सातवं प्रूफ गुरुवारी दुपारी प्रेसमधून आलं, तेव्हा संस्थेसमोर एकच प्रश्न होता. सचिवांचं नाव अध्यक्षांच्या नावापेक्षा अर्ध्या पॉइंटाने बारीक दिसतं की नाही? सचिव प्रा. गोरक्षराव ताजणे यांना ते बारीक दिसत होतं. कार्यालयीन अधीक्षक ललित खैरनार यांना सचिवांना दिसेल तसं दिसत होतं. प्रतिभा वडनेरे या संस्थेच्या प्रकाशन विभागातल्या एकमेव मुद्रितशोधक, म्हणजे प्रकाशन विभागच. त्यांना फूटपट्टी घेऊन प्रेसमध्ये पाठवण्यात आलं. नावं सारख्याच टाइपात होती. अध्यक्षांचं आडनाव लांब असल्यामुळे ते मोठं वाटत होतं. यावर उपाय म्हणून सचिवांच्या नावामागे ‘प्रा.’च्या जोडीला ‘शिक्षणमहर्षी’ लावावं असं ठरलं आणि प्रतिभाताईंची दुपार त्यातल्या र्‍हस्व-दीर्घात गेली.

याच दुपारी संस्थेतून आणखी एक कागद बाहेर पडला. त्यावर कोणाचीही फूटपट्टी लागली नाही.

तो कागद सरिता झिपरू भोये या मुलीचा होता. संस्थेच्या पेठ तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजातून ती बारावी सायन्स झालेली. पुण्याच्या एका प्रतिष्ठानाने पत्र पाठवलं होतं, की आदिवासी भागातल्या दर संस्थेने एका मुलीचं नाव सुचवावं. निवड झाली तर नर्सिंगची चार वर्षं, राहणं-जेवण-पुस्तकांसकट, प्रतिष्ठानाकडे. निवड नाही झाली तर काय, हे पत्रात नव्हतं. सरिताला ते माहीत होतं. वडील झिपरू दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जात, आई जाई, थोरली बहीण जाई, आणि पुढच्या हंगामात टोळीत एक माणूस वाढवायचं मुकादमाशी बोलून झालेलं होतं.

प्रतिष्ठानाच्या अटी चारच होत्या. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहावं. गुण आकड्यात आणि टक्केवारीत द्यावेत. जोडलेल्या कागदांची यादी क्रमांकासह पत्रात असावी. आणि हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ई-मेलने पोचावं. वर्ष २००५ होतं. ई-मेलवर पत्र पाठवा म्हटल्यावर संस्थेत तेव्हा एक प्रकारची धार्मिक शांतता पसरत असे.

मराठी पत्र तसंच पाठवून चालत नसे, कारण ज्याच्याकडे तो मराठी फॉन्ट नाही त्याला पडद्यावर नुसते ठोकळे आणि टिंबं दिसत. म्हणून पत्र छापायचं, सचिवांची सही घ्यायची, स्कॅन करायचं आणि मेलला जोडायचं. ही पद्धत प्रतिभाताईंनीच बसवून दिली होती. त्यापुढची पायरीही त्यांनीच बसवली होती, पण तिचा कंटाळा सगळ्यांना होता. पत्र बाहेर जाण्याआधी ते चार वेळा बघायचं. एकदा फक्त नावं, मूळ कागद शेजारी ठेवून. एकदा फक्त आकडे, उजवीकडून डावीकडे, बेरीज आणि टक्के नव्याने काढून. एकदा ई-मेलचा पत्ता, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. आणि शेवटी ‘सोबत’ हा शब्द जिथे येईल तिथे बोट ठेवून, सोबत खरंच काय आहे ते मोजायचं. पत्र वाचायचं नाही, असं त्या सांगत. वाचायला लागलं की माणसाला अर्थ कळतो आणि अर्थ कळला की चूक दिसत नाही. खैरनारांना हे वाक्य पटत नसे. ते मराठीचे एम.ए. होते.

शुक्रवारी साडेअकराला सरिता कार्यालयात आली. पहाटेच्या एसटीने आली होती. पुण्याहून पोच आली का, एवढंच तिला विचारायचं होतं. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, की मेल पोचला की त्यांच्याकडून पोच येते.

खैरनारांनी तिला सांगितलं की पत्र काल तीन वाजता गेलं, जावक क्रमांक पडला, आता काळजी नको. मग ते पत्रिकेकडे वळले. मुलगी बाकावर बसून राहिली. जाण्यासारखं काही नसलं की लोक बसून राहतात. प्रतिभाताई तिच्यासमोरून दोनदा गेल्या आणि तिसऱ्यांदा त्यांनी फाइल मागवून घेतली.

स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची बिनसहीची प्रत, फाइलला लावलेली होती. प्रतिभाताईंनी मुलीला शेजारी बसवलं, तिच्या पिशवीतली मूळ कागदपत्रं टेबलावर मांडली आणि पेन्सिल काढली.

पत्रात नाव होतं ‘कुमारी सरिता झिपरू भोईर’.

‘तुझं आडनाव?’

‘भोये.’

‘सगळीकडे?’

‘सगळीकडे भोयेच हाय, मॅडम. भोईर आमच्यात नाय कोनी.’

दहावीला भोये, बारावीला भोये, जातीच्या दाखल्यावर भोये. पेन्सिलीने गोल केला. गुणांच्या ओळीत होतं, ‘६०० पैकी ४८२ (७१.३३ टक्के)’. प्रतिभाताईंनी मागच्या कोऱ्या कागदावर भागाकार केला. चारशे ब्याऐंशीचे ऐंशी पूर्णांक तेहेतीस येतात. एकाहत्तर पूर्णांक तेहेतीस येतात ते चारशे अठ्ठावीसचे, आणि गुणपत्रिकेवर चारशे अठ्ठावीसच होते. दुसरा गोल. मग त्या खाली आल्या. सचिवांच्या नावाच्या डाव्या हाताला, जिथे संस्थेच्या प्रत्येक पत्रात असतं तिथेच, तसंच छापलेलं होतं :

‘सोबत : वरीलप्रमाणे.’

त्यांनी वर पाहिलं. वर काहीही नव्हतं. यादी नव्हती, कागदाचा उल्लेख नव्हता. १९८७ सालापासून संस्थेच्या पत्रांच्या खाली ही ओळ होती. संगणक आल्यावर ती साच्यात गेली, आणि शोकसंदेशालाही सोबत वरीलप्रमाणे काहीतरी जोडलेलं असे.

प्रतिभाताई संगणकाशी गेल्या. तिथे रूपाली बसत असे, टायपिंग आणि इंटरनेट दोन्ही तिच्याकडे. कालच्या मेलला किती कागद जोडले, असं त्यांनी विचारलं. रूपाली म्हणाली, पत्र जोडलं. गुणपत्रिका? त्या खैरनार सरांनी दिल्याच नाहीत. मग दाखला? तोही नाही. पत्रात लिहिलंय ना सोबत वरीलप्रमाणे, म्हणजे असतील, असं तिला वाटलं होतं.

खैरनारांना बोलावलं, तेव्हा ते हातात आठवं प्रूफ घेऊनच आले. नेहमीप्रमाणे अंतिम तपासणी आपणच केल्याचं त्यांनी सांगितलं. काय तपासलं? संस्थेचा नोंदणी क्रमांक, संस्थापकांच्या नावामागे ‘कै.’, विद्यमान अध्यक्षांच्या नावामागे ‘कै.’ नाही ना, आणि सचिवांचं नाव. चारही बरोबर होतं.

‘आणि भोईर?’

‘ती दुरुस्ती मी केली.’ खैरनारांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, थोडं कौतुकच होतं. ‘मूळ शब्द भोईर. तिकडे बोलताना र गिळतात. आहेला हाय म्हणतात, म्हणून आपण हाय लिहायचं का, मॅडम? शेवटी आपली शैक्षणिक संस्था आहे.’

सरिता त्यांच्याकडे बघत होती. तिच्या समोर उभं राहून हा माणूस तिचं आडनाव शुद्ध करत होता.

‘आणि हे गुण?’ प्रतिभाताईंनी विचारलं.

खैरनारांनी चष्मा कपाळावर नेला, पत्र डोळ्यांजवळ आणलं आणि मग हसले. ‘जास्तच दिलेत की. कमी दिले असते तर गोष्ट वेगळी.’

प्रतिभाताईंना किळस नवी नव्हती. अठरा वर्षं प्रुफं बघताना माणूस इतरांच्या निष्काळजीपणाला सरावतो, जसा मोरीच्या वासाला सरावतो. पण आज तो वास जेवणाच्या ताटातून आला. त्यांनी रूपालीला इनबॉक्स उघडायला सांगितलं.

पुण्याची पोच नव्हती. कालच्या तारखेला, मेल गेल्यावर एका मिनिटाच्या आत आलेला, इंग्रजी मजकुराचा एक मेल मात्र न उघडता पडलेला होता.

‘हा व्हायरस असतो, ताई,’ रूपाली म्हणाली. ‘असले इंग्रजी मेल मी उघडतच नाही. पुढच्या वेळी डिलीटच करते.’

तो मेल परत आल्याचा निरोप होता. त्या पत्त्यावर कोणी राहत नव्हतं.

प्रतिष्ठानाचं पत्र फॅक्सने आलेलं. त्यातल्या ई-मेलच्या पत्त्याखाली छापील रेघ होती. ‘निवड’ आणि ‘२००५’ या दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा दिसत होती. पत्त्यात मोकळी जागा चालत नाही हे खैरनारांनी कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून त्यांनी ती मिटवून दोन्ही शब्द जोडून टाकले होते. प्रतिभाताईंनी फॅक्स उजेडात धरला. रेघ त्या जागेपाशी किंचित जाड होती. तिथे काहीतरी होतं, रेघेवर पडलेलं, रेघेसारखंच.

खात्री करायची तर पुण्याला फोन करायला हवा होता. कार्यालयाच्या फोनला एसटीडीचं कुलूप होतं आणि त्याचा आकडा सचिवांकडे. शिवाय इंटरनेट चालू असलं की तोच फोन बंद. प्रतिभाताई मुलीला घेऊन खालच्या पीसीओत गेल्या.

पलीकडची बाई नीट बोलणारी निघाली. हो, म्हणाली, मध्ये अंडरस्कोअर आहे, खालच्या रेघेत लपतं, बऱ्याच जणांचं चुकतंय. तुमच्या संस्थेकडून अजून काहीच आलेलं नाही. पाचपर्यंत वेळ आहे. मग तिने आपणहून एक गोष्ट सांगितली. संस्थेकडून आलेलं पहिलं पत्रच अंतिम धरतात. चुकीचं आलं, कागद कमी असले किंवा नाव जुळलं नाही, तर तिथेच बाद. दुरुस्तीचं पत्र घेत नाहीत, कारण गेल्या वर्षी एका संस्थेने दुरुस्ती म्हणून मुलगीच बदलली होती.

फोन ठेवून प्रतिभाताईंनी त्या काचेच्या खोक्यातच बोटांवर मोजलं. नाव चुकलं, गुण चुकले, कागद जोडायचे राहिले. यातली एकही चूक दुरुस्त करता आली नसती, जर पत्ता बरोबर असता. खैरनारांच्या हातून झालेल्या चौथ्या चुकीने पहिल्या तीन पोटात घेतल्या होत्या. या माणसाला आणखी एक बरोबर गोष्ट जमली असती तर मुलगी पुढच्या हंगामात टोळीत असती.

‘मॅडम, जमंल ना?’ सरिताने विचारलं.

‘पत्र परत आलंय. म्हणजे अजून गेलेलंच नाही. जमेल.’

हे त्यांनी वर येऊन खैरनारांनाही सांगितलं. खैरनारांना ते मान्य नव्हतं. जावक रजिस्टरला काल नोंद पडली होती. नोंद पडलेलं पत्र हे गेलेलं पत्र असतं, परत आलं तर ती आवक होते, आणि आवक झालेल्या पत्रावर कार्यवाहीसाठी सचिवांपुढे टिपणी ठेवावी लागते. टिपणी सोमवारी ठेवू. आज साहेब पत्रिकेत आहेत.

‘आज पाचला मुदत संपते.’

‘आपण कालच पाठवलंय, मॅडम. उशीर त्यांच्या बाजूने आहे.’

मग त्या स्वतःच केबिनमध्ये गेल्या. ताजणेसाहेबांपुढे पत्रिकेच्या सहा प्रती पसरलेल्या होत्या. प्रतिभाताईंनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं. नाव, गुण, कागद, पत्ता, मुदत. नव्या पत्रावर फक्त सही हवी. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, ‘शिक्षणमहर्षीतला र्षी दीर्घ ना? मग तो असा वाकडा का दिसतोय?’ पत्राचं खैरनार बघतात, म्हणाले. एकदा गेलेलं पत्र परत पाठवणं संस्थेच्या प्रतिष्ठेला धरून नाही. मुलींचं काय, पुढच्या वर्षीही मुली असतातच.

बाहेर येऊन प्रतिभाताई खुर्चीवर बसल्या. पावणेतीन वाजले होते. मुलगी बाकावरून त्यांच्याकडे बघत होती. तिला केबिनचं दार उघडं असताना सगळं ऐकू आलं होतं.

मग प्रतिभाताईंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी अठरा वर्षांत केली नव्हती. त्यांनी रूपालीला चहाला पाठवलं, कालच्या पत्राची फाइल उघडली, शेवटच्या ओळीवर गेल्या आणि सचिवांच्या आडनावातला ‘ण’ पुसून तिथे ‘न’ घातला. बाकी भोईर तसंच, चारशे ब्याऐंशी तसेच, वरीलप्रमाणे तसंच. एक प्रत छापली. ‘प्रा. गोरक्षराव ताजने.’ न जतन करता फाइल बंद केली. हात कोरडे होते. चूक घालायला चूक काढण्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

फाइलमधली जुनी स्थळप्रत काढून त्यांनी पर्समध्ये घातली, नवी लावली आणि पुन्हा केबिनमध्ये गेल्या.

‘साहेब, एक राहिलं. तुमचं नाव बघून घ्या.’

साहेबांनी पाहिलं. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं. चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

‘हे पुण्याला गेलं?’

‘गेलं होतं. सुदैवाने परत आलं. तिथे अजून कोणी वाचलेलं नाही.’

‘खैरनार.’

खैरनार आले. पुढची पाच मिनिटं जे बोललं गेलं ते शैक्षणिक संस्थेला शोभणारं नव्हतं. संस्थेत एवढे एम.ए. भरले आणि एकाला सचिवाचं आडनाव लिहिता येत नाही, तीन पिढ्यांचं आडनाव पुण्यात जाऊन बाटवलंत, न आणि ण यातला फरक कळत नसेल तर गावी जाऊन कांदे लावा. खैरनार मूळचे कांदे पिकवणाऱ्या देवळ्याचे असल्यामुळे हे त्यांना लागलं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते की साहेब, मी हे नाव तीनदा बघितलं होतं. आणि ते खरं होतं. संपूर्ण पत्रात त्यांनी मनापासून तपासलेली तेवढी एकच गोष्ट होती. ज्या चुका त्यांच्या होत्या त्यांबद्दल त्यांना कोणीही एक शब्द बोललं नाही.

‘आत्ताच्या आत्ता नवं पत्र,’ साहेब म्हणाले. ‘हे रद्द. वडनेरेबाई, तुम्ही जातीने बघा.’

सव्वातीनला प्रतिभाताई आणि सरिता टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या. मुलगी मूळ कागदावरून मोठ्याने वाचत होती, ताई पत्रावर टिंब देत होत्या. नाव अक्षर सुटं करून. भ ला काना-मात्रा, य ला मात्रा. आकडे मागून, आठ, दोन, चार. नंतर भागाकार मुलीनेच केला आणि एकाहत्तर पूर्णांक तेहेतीस आल्यावर थांबून विचारलं, की पुढे तीन तीनच येत राहतात, ते लिहायचे का. ताई म्हणाल्या, दोन पुरेत. ‘सोबत’च्या पुढे रकाना करून एक, दोन, तीन लिहिलं. दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला. मुलीने प्रत्येक कागद उचलून त्या ओळीवर ठेवला आणि बाजूला केला.

साहेबांनी सही केली. त्यांनी फक्त आपलं नाव वाचलं, दोनदा.

स्कॅन झालं. रूपालीने तीन कागद आणि पत्र असे चार जोड जोडले. ताईंनी पाठवण्याआधी चारही उघडून दाखवायला लावले, कारण आदल्या महिन्यात एका ठिकाणी दाखला म्हणून कोणाच्या तरी मुंजीचा फोटो गेला होता. पत्ता सरिताने वाचला, ‘निवड’पासून शेवटच्या टिंबापर्यंत, आणि अंडरस्कोअरला ती ‘खालची रेघ’ म्हणाली. फोनच्या तारेतून ते चार कागद जायला बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ खोलीतलं कोणीही फोनला हात लावला नाही, लावू दिला नाही.

चार पंचवीसला पीसीओतून पुन्हा फोन केला. ती बाई म्हणाली, आलंय. चार जोड उघडतायत. नाव वाचून दाखवते, सरिता झिपरू भोये. बरोबर? प्रतिभाताईंनी रिसीव्हर मुलीच्या कानाला लावला.

‘बरोबर,’ मुलगी म्हणाली. मग तिने पलीकडच्या बाईला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.

तिला पेठची गाडी पकडायची होती. ती पायऱ्यांवर थांबली आणि तिने विचारलं की मॅडम, ते साहेब एवढे चिडले ते भोईर लिवलं म्हनून का?

‘नाही,’ ताई म्हणाल्या.

‘मंग?’

ताईंनी तिला गाडी चुकेल म्हणून सांगितलं.

वर आल्या तेव्हा खैरनार खिडकीपाशी उभे होते. रद्द झालेली स्थळप्रत त्यांनी उजेडात धरली होती, आणि मागून बघत होते, जणू ‘न’च्या आत ‘ण’ कुठेतरी दबलेला असेल.

‘वडनेरे मॅडम, तुम्ही तरी सांगा. मी ण वाचला होता. मला आठवतंय.’

‘असेल,’ प्रतिभाताई म्हणाल्या.

‘माझे डोळे गेले का हो?’

प्रतिभाताईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली. त्यांना या माणसाची किळस आली होती ती कमी झाली नव्हती, पण आता तिच्यात स्वतःचा वाटा होता आणि तो वेगळा काढता येईना. ती प्रत मागून घ्यावी, फाडावी, असं त्यांना वाटलं. पण खैरनारांनी तिच्यावर तांबड्या शाईने ‘रद्द’ मारलं, पान क्रमांक घातला, तारीख टाकली आणि फाइलला दोरीने बांधली. नोंदलेला कागद काढता येत नाही. संस्था आहे तोवर तो तिथे असणार, आणि संस्थेत कधी कोणी ती फाइल उघडली, तर बरोबर असलेलं एक नाव चुकवलेलं दिसेल, ज्याच्याखाली कोणाचीही सही नाही.

शिपायाने येऊन सांगितलं, की साहेब बोलावतायत. नववं प्रूफ आलं होतं. प्रतिभाताईंनी पेन्सिलीला टोक केलं आणि आत गेल्या.